उशिरा येणारी जाग

कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून माल उचलून ट्रेलर कधी उरणकडे, कधी एक्स्प्रेस वेने पुण्याकडे नेणारा एक चालक डोळ्यांसमोर आणा. हा माणूस नमुन्यादाखल रचलेला आहे, पण पनवेल, कामोठे, कळंबोली या पट्ट्यातल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर त्याच्यासारखा कोणीतरी बसलेला सापडेल. वय ५२. वजन ९६ किलो. मानेचा घेर ४३ सेंटिमीटर, त्यामुळे शर्टाचे वरचे बटण कित्येक वर्षांत लागलेले नाही. दिवसाचे दहा-बारा तास स्टिअरिंगवर, म्हणून कंबर धरलेली. रात्री झोप तुकड्यातुकड्यांत, दोन-तीनदा लघवीला उठणे, सकाळी डोके जड. तो डॉक्टरांना दोनच गोष्टी सांगतो. कंबर दुखते आणि झोप लागत नाही.

त्याच्या चिठ्ठीवर तीन औषधे येतात. दुखण्यासाठी आणि स्नायू सैल होण्यासाठी असेक्लोफेनॅक व टिझानिडीन एकत्र असलेली गोळी, पायात उतरणाऱ्या कळेसाठी प्रीगॅबालिन आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम अर्धा मिलिग्रॅम. तिन्ही रात्री जेवणानंतर. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि यातली प्रत्येक गोळी आपापल्या जागी वापरातलीच आहे. पण त्याच्या बायकोला जे रोज दिसते ते दवाखान्यात कोणी विचारले नाही. तो मोठ्याने घोरतो, मध्येच घोरणे एकदम थांबते, पोट आणि छाती हलत राहते पण नाकातोंडातून हवा येत नाही. मग एका हिसक्यासरशी श्वास परततो आणि घोरणे पुन्हा सुरू होते. याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. उपचार न झालेल्या या आजारावर ही तीन औषधे एकाच रात्री पडली की काय होते, ते समजून घ्यायचे तर आधी घशात काय घडते ते पाहावे लागेल.

नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा जो मार्ग आहे, त्याला खालच्या श्वासनलिकेसारख्या कूर्चेच्या कड्या नाहीत. तिथे हाडाचा आधार जवळजवळ नाहीच. जीभ, मऊ टाळू, पडजीभ आणि घशाच्या भिंती यांतून तयार झालेली ती मऊ वाट आहे, आणि स्नायूंचा ताण हीच तिची तटबंदी. त्यातला सर्वांत महत्त्वाचा स्नायू जिभेच्या मुळाशी आहे, जीनिओग्लॉसस. तो प्रत्येक श्वासाच्या किंचित आधी आवळतो आणि जीभ पुढे खेचून धरतो. हायवेवर शहाळे घेतले की मिळणारी कागदी नळी भिजल्यावर जोरात ओढली तर तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात. श्वास आत घेताना घशातही असाच ओढा तयार होतो. जागेपणी हा ओढा जाणवताक्षणी मेंदू जीनिओग्लॉससला जास्त जोर लावायला सांगतो, म्हणून लठ्ठ मानेच्या माणसाचा घसाही दिवसा उघडाच राहतो.

झोप लागली की ही तातडीची प्रतिक्रिया मंदावते. ज्याचा घसा मुळात रुंद आहे त्याला त्याने फरक पडत नाही. ज्याच्या मानेत आणि जिभेत चरबी साठली आहे, जबडा मागे आहे किंवा टॉन्सिल मोठे आहेत, त्याचा घसा मिटतो. उताणे झोपल्यावर जीभ मागे पडते, तेव्हा जास्तच. पहाटेच्या सुमारास स्वप्नांची झोप वाढते, त्या अवस्थेत शरीराचे बहुतेक स्नायू ढिले पडतात, आणि म्हणून सर्वांत लांब खंड बहुधा पहाटेच येतात. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ हवा थांबली तर ती एक घटना धरतात. श्वास पूर्ण न थांबता बराच कमी झाला आणि त्याबरोबर ऑक्सिजन घसरला किंवा झोप मोडली, तर तीही मोजतात. तासाला अशा पाचपेक्षा कमी घटना म्हणजे सर्वसाधारण, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तिसाच्या वर तीव्र आजार.

घसा मिटल्यानंतर माणूस वाचतो कशाने, हा या सगळ्यातला कळीचा प्रश्न आहे. उत्तर आहे जाग. हवा येत नाही, पण छाती ओढतच राहते आणि प्रत्येक ओढ आधीच्यापेक्षा जोरकस होते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढतो, ऑक्सिजन उतरतो. हे सारे संकेत एका ठरावीक पातळीला पोचले की मेंदू काही सेकंदांपुरता झोपेतून वर येतो. त्या क्षणी जिभेचा स्नायू आवळतो, वाट मोकळी होते, हिसक्याने श्वास येतो आणि माणूस पुन्हा झोपी जातो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. ही जाग झोप मोडते, रक्तदाब चढवते, दिवसा पेंग आणते. तरीही त्या रात्रीपुरती तीच राखणदार असते. सगळेच खंड जाग येऊन सुटतात असे नाही. काही वेळा स्नायू झोपेतच जोर धरतात. पण तीव्र आजारात बहुतेक खंड जागेनेच संपतात.

आता क्लोनाझेपाम घ्या. डायझेपाम, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम ही त्याचीच भावंडे. मेंदूत गाबा नावाचे एक शांतवणारे रसायन आहे, त्याचा परिणाम ही औषधे वाढवतात. चिंता कमी होते, झोप लागते, स्नायू सैलावतात. त्याच वेळी घशाच्या स्नायूंचा ताण थोडा उतरतो, चढत्या कार्बन डायऑक्साइडला मेंदू देत असलेला प्रतिसाद थोडा बोथट होतो आणि जाग येण्याची पातळी वर सरकते. माझ्या मते या तिन्हींत तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी आहे. झोपेच्या गोळीने श्वास बंद पडतो अशी लोकांची भीती असते. नेहमीच्या मात्रेत एकटी गोळी निरोगी माणसाचा श्वास सहसा बंद पाडत नाही. ॲप्नियाच्या रुग्णात ती जाग उशिरा आणते, म्हणून घसा मिटलेला राहण्याचा वेळ लांबतो.

आपल्या चालकाच्या बाबतीत हे आकड्यांत मांडून पाहू. हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. गोळीशिवाय त्याच्या तासाला ३२ घटना होतात आणि प्रत्येक सरासरी २२ सेकंदांची आहे असे धरा. ३२ गुणिले २२ म्हणजे ७०४ सेकंद, तासातली पावणेबारा मिनिटे. गोळी घेतल्यावर जाग उशिरा येते, म्हणून घटना २८ वर आल्या पण प्रत्येक ३२ सेकंदांची झाली. २८ गुणिले ३२ म्हणजे ८९६ सेकंद, जवळजवळ पंधरा मिनिटे. तासाला किती वेळा, एवढीच संख्या कोणी पाहिली तर आजार सुधारल्यासारखा वाटेल. प्रत्यक्षात घशाचा मार्ग दर तासाला सव्वातीन मिनिटे जास्त बंद आहे. त्याला स्वतःलाही बरेच वाटेल, कारण जाग येणे कमी झाले, झोप सलग लागली.

आणि ते जादा दहा सेकंद साधे नसतात. रक्तातला ऑक्सिजन ९८ वरून ९२ वर येईपर्यंत उतार मंद असतो. ९० च्या खाली तो एकदम तीव्र होतो, म्हणजे खंडाचे शेवटचे दहा सेकंद पहिल्या दहांपेक्षा फार महाग पडतात. जाड माणूस उताणा झोपला की पोट पडद्यावर दाबते, फुप्फुसातला हवेचा साठाच कमी असतो, त्यामुळे त्याची घसरण आणखी लवकर सुरू होते. १९८२ साली अमेरिकेत डॉली आणि ब्लॉक यांनी फ्लुराझेपाम ३० मिलिग्रॅम देऊन, काहीही तक्रार नसलेल्या माणसांतही झोपेतले श्वासाचे खंड आणि ऑक्सिजनची घसरण वाढते हे दाखवले. १९९५ मध्ये बेरी आणि सहकाऱ्यांनी तीव्र ॲप्नियाच्या रुग्णांना ट्रायाझोलाम पाव मिलिग्रॅम दिले, तेव्हा जाग येण्याची पातळी वर सरकली आणि ऑक्सिजन जास्त खाली गेला.

स्नायू सैल करणाऱ्या गोळीकडे लोक याहून निर्धास्तपणे पाहतात. ‘अंगदुखीची गोळी द्या’ म्हणून मेडिकलच्या काउंटरवर ती मागितली जाते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे २०१४ पासून एच-वन यादीत आहेत. दुकानदाराला ती विकताना डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून तीन वर्षे जपावे लागते. टिझानिडीनच्या गोळीमागे अशी नोंदवही नाही, आणि ती कमरेसाठी आहे म्हटल्यावर तिचा श्वासाशी काही संबंध असेल असे कोणाच्या मनातही येत नाही.

पण टिझानिडीन कमरेच्या स्नायूपर्यंत जाऊन तो सैल करत नाही. ते मज्जारज्जूत आणि मेंदूत काम करते, स्नायूला ‘आवळ’ म्हणून येणारा हुकूम दुबळा करते. कंबर निवडून तेवढाच हुकूम ते दाबू शकत नाही. म्हणून गुंगी हा त्याच्या कामाचाच भाग आहे. बॅक्लोफेनचेही तसेच. त्याचा मार्ग गाबाच्याच दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकांमधून जातो, आणि दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांत घसा उघडा असतानाही मेंदू श्वासाचा हुकूमच देत नाही असे खंड आढळल्याच्या नोंदी आहेत. बॅक्लोफेन मुख्यतः मूत्रपिंडांतून बाहेर पडते. मूत्रपिंडे अधू असतील तर नेहमीचीच मात्रा अंगात साठत जाते. क्लोरझोक्साझोन, मेथोकार्बामोल हीदेखील मेंदूला सुस्तावूनच आराम देतात. आपल्याकडे खूप चालणारे थायोकोल्चिकोसाईड त्या मानाने कमी गुंगी आणते, त्यामुळे सगळ्यांना एकाच मापात मोजणे योग्य नाही.

टिझानिडीनचा असर लवकर चढतो आणि काही तासांत उतरतो. पण यकृतातल्या ज्या विकराने ते मोडले जाते, तोच विकर सिप्रोफ्लॉक्सासिन अडवून धरते. लघवीच्या जळजळीला किंवा जुलाबाला सर्रास दिले जाणारे हे प्रतिजैविक टिझानिडीनबरोबर घेतल्यास रक्तातले टिझानिडीन सरासरी दहापट होते, असे फिनलंडमधल्या अभ्यासात २००४ मध्ये दिसले. हे दोन्ही एकत्र देऊच नयेत अशी स्पष्ट मनाई आहे. समजा आपल्या चालकाला आठवड्याने पोट बिघडले म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन दिले आणि कमरेची गोळी चालूच राहिली. त्या रात्री त्याने एक गोळी घेतली असली तरी शरीराला दहा गोळ्यांइतके औषध भोगावे लागू शकते. रक्तदाब घसरतो, गाढ गुंगी येते, आणि घसा मिटल्यावर जाग कधी येईल ते सांगता येत नाही.

तिसरी गोळी प्रीगॅबालिन. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०१९ मध्ये गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन या दोन्हींबाबत इशारा दिला, की ज्यांचा श्वास आधीच अडचणीत आहे किंवा जे सोबत दुसरी गुंगीची औषधे घेतात त्यांच्यात श्वासाचा वेग धोकादायकरीत्या मंदावू शकतो. ट्रामाडॉल, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध यांचा मार्ग वेगळा, पण वजन त्याच पारड्यात पडते. दारूही त्यातलीच. रात्री ढाब्यावर घेतलेली क्वार्टर आणि घरी घेतलेली क्लोनाझेपाम एकाच गाबावर काम करतात. क्लोनाझेपाम शरीरात निम्मे व्हायलाच तीस-चाळीस तास लागतात. म्हणून ते रोज घेणाऱ्याच्या रक्तात कालचे शिल्लक असतानाच आजचे पडते, आणि पहाटे पाचला ट्रेलर काढताना तो अजून औषधाखालीच असतो.

या आजारात एक सापळा आहे आणि मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. ॲप्निया स्वतः ज्या तक्रारी निर्माण करतो, त्याच तक्रारींवर ही औषधे दिली जातात. रात्री दर दोन मिनिटांनी मेंदू जागा होतो, म्हणून ‘झोप लागत नाही’. झोप भरत नाही म्हणून सकाळी अंग आंबते, दुखणे जास्त बोचते, माणूस चिडचिडा आणि अस्वस्थ होतो. यातल्या प्रत्येक शब्दाला एक गोळी तयार आहे. डॉक्टरकडे जाणारा माणूस घोरण्याची तक्रार सांगतच नाही, कारण ते त्याला स्वतःला ऐकू येत नाही आणि आपल्या घरांत घोरणे हे गाढ झोपेचेच लक्षण समजले जाते.

असे लोक किती असतील? मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी, नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ६५८ जणांनी प्रश्नावली भरली, त्यांतल्या २५० जणांची झोप रात्रभर यंत्रावर नोंदवली गेली. त्यावरून काढलेल्या अंदाजानुसार १९.५ टक्के पुरुषांत तासाला पाच किंवा अधिक घटना होत्या आणि ७.५ टक्क्यांत त्याबरोबर दिवसा पेंगही होती. हे आजारी म्हणून आलेले लोक नव्हते. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले तेव्हा रुग्णालयाने कारण म्हणून ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचे नाव घेतले आणि कित्येक मराठी घरांत हा शब्द प्रथमच ऐकला गेला.

सगळ्या अभ्यासांचे निकाल एका दिशेचे नाहीत, हेही सांगायला हवे. काही रुग्णांचा घसा फारसा वाईट नसतो, पण ते हलक्याशा अडथळ्यानेही फार लवकर जागे होतात. घशाच्या स्नायूला जोर धरायला वेळच मिळत नाही. अशांना एस्झोपिक्लोनसारखी गोळी दिल्यावर घटना थोड्या कमी झाल्याचे २०११ च्या एका अभ्यासात दिसले. झोल्पिडेमने जिभेच्या स्नायूचा जोर कमी होण्याऐवजी वाढल्याचेही २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नोंदवले. हे प्रयोग निवडलेल्या माणसांवर, ठरावीक मात्रेत, डोक्याला आणि छातीला तारा लावून झालेले आहेत. ज्याची तपासणी झालेली नाही असा माणूस या गटातला आहे की ३२ सेकंदांच्या खंडांच्या गटातला, हे बाहेरून सांगता येत नाही. ज्याचा ऑक्सिजन आधीच खोल घसरतो, जो खूप लठ्ठ आहे, ज्याला दम्याचा किंवा धूम्रपानाने आलेला फुप्फुसाचा आजारही आहे, त्याने स्वतःवर हा प्रयोग करू नये.

घरात हे कसे ओळखावे? शेजारी झोपणाऱ्याने घड्याळाकडे पाहत मोजावे. घोरणे थांबले, छाती हलते आहे, हवा नाही. हिसका येईपर्यंत किती सेकंद गेले? दोन-तीन रात्री मोबाइलवर आवाज किंवा चित्रफीत नोंदवली तर डॉक्टरांना शंभर प्रश्नांपेक्षा जास्त कळते. नवी गोळी सुरू झाल्यावर हेच पुन्हा पाहावे. खंड लांबले, हाक मारल्यावर माणूस पूर्वीपेक्षा उशिरा उठतो, सकाळचे डोके दुखणे वाढले, ओठ काळपट दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. हलवूनही नीट जागा होत नसेल तर १०८ ला फोन करावा. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बऱ्याच घरांत आहे. पण दिवसा बोट घालून ९७ दिसले म्हणजे रात्रीचे काहीच कळले नाही. जाग येताच आकडा काही सेकंदांत वर येतो, म्हणून झोपेतून उठवून पाहिलेला आकडाही फसवतो. रात्रभर नोंद ठेवणारे यंत्र किंवा झोपेची पूर्ण तपासणी लागते. ती आता घरी यंत्र लावूनही होते, आणि तिच्या अहवालात एकूण संख्येबरोबर सर्वांत लांब खंड किती सेकंदांचा, सर्वांत कमी ऑक्सिजन किती आणि ९० च्या खाली किती मिनिटे गेली हे जरूर विचारावे.

आपल्या चालकासाठी शहाणपणाचा क्रम असा. क्लोनाझेपाम महिनोन्‌महिने चालू असेल तर ते एकदम तोडू नये. अचानक थांबवल्याने झटके येऊ शकतात, बॅक्लोफेनबाबतही तोच धोका आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवतात. तोवर दारू पूर्ण बंद आणि शक्यतो कुशीवर झोपणे. कमरेसाठी गुंगी न आणणारी दुखणेशामके, शेक, फिजिओथेरपी आणि सीटची दुरुस्ती यांवर भागते का ते पाहता येते. झोपेची तपासणी झाली आणि आजार पक्का झाला की सीपॅप, म्हणजे नाकावरच्या मास्कमधून सतत हलक्या दाबाची हवा देणारे यंत्र. ऑस्ट्रेलियाचे कॉलिन सुलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये मांडले. त्या हवेच्या दाबाने घसा आतूनच उघडा धरला जातो, त्यामुळे जाग उशिरा आली तरी मिटण्यासारखे काही उरत नाही. अशा उपचाराखाली असलेल्या माणसाला पुढे खरोखर गरज पडली तर एखादे शांतवणारे औषध डॉक्टर पुष्कळ कमी जोखमीने देऊ शकतात. अनेकदा झोपेच्या गोळीची गरजच सरते, कारण झोप मोडणारे कारण गेलेले असते.

हर्नियासारखी शस्त्रक्रिया ठरली तर हीच माहिती भूलतज्ज्ञाला आधी द्यावी लागते. तिथे वापरतात ती व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम यांसारखी शिथिलके मात्र खरोखर स्नायूपाशीच काम करतात, आणि त्यांचा असर उतरताना पोटाचा पडदा लवकर सावरतो, घशाचे स्नायू मागे राहतात. रुग्ण श्वास घेतो आहे असे दिसते, पण वरची वाट अजून लुळी असते. म्हणून अशा रुग्णात चेतातंतूला बारीक विद्युत्‌धक्के देऊन ताकद ९० टक्क्यांवर आल्याची खात्री करूनच श्वासासाठी घशात घातलेली नळी काढतात, नंतरही उताणे न ठेवता डोके उंच ठेवतात, आणि सीपॅप वापरणाऱ्याने स्वतःचे यंत्र व मास्क दाखल होतानाच सोबत न्यायचे असते.